१२ नंबरचं पुस्तक कोणाकडे आहे?

गावातल्या एका वाचनालयाने देवघेवीची वही संगणकावर आणली, असं समजू. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक आहे आणि प्रत्येक सभासदाला सभासद क्रमांक. सभासदांचा तक्ता आधीच होता. त्यात ‘घरी नेलेली पुस्तकं’ असा एक कॉलम वाढवला आणि वहीत जसं लिहीत होते तसंच त्यात लिहिलं. सभासद 57 समोर `12, 845`, सभासद 58 समोर `112`, सभासद 59 समोर `1204` आणि सभासद 60 समोर `733, 12`.

मग एक वाचक येऊन विचारतो, १२ नंबरचं पुस्तक कोणाकडे गेलंय? डेटाबेसला विचारायचं झालं तर असं विचारावं लागतं:

```sql
SELECT sabhasad_kr FROM sabhasad
WHERE pustake LIKE '%12%';
```

यातल्या `%` चा अर्थ ‘इथे कुठलीही अक्षरं चालतील’. उत्तरात चारही सभासद येतात. 112 मध्ये १२ आहे, 1204 मध्येही आहे. डेटाबेस चुकलेला नाही. त्याच्या दृष्टीने `12, 845` हे दोन क्रमांक नाहीतच, ती सात अक्षरांची एक ओळ आहे. स्वल्पविरामाने इथे दोन पुस्तकं वेगळी केली आहेत, हे फक्त आपल्याला माहीत आहे.

यावर उपाय म्हणून स्वल्पविरामासकट शोधायच्या युक्त्या निघतात. पण एखाद्या संध्याकाळी दुसरं कोणी टेबलावर बसतं आणि `12 व 845` लिहितं, किंवा देवनागरीत `१२` टाइप करतं. अक्षरांच्या कॉलमला काहीही चालतं, त्यामुळे तो काही अडवत नाही. शिवाय सुरुवातीलाच `%` असेल तर साधा इंडेक्स, म्हणजे पटकन शोधण्यासाठी क्रमाने लावलेली सूचीही कामाला येत नाही. प्रत्येक सभासदाची ओळ उघडून वाचावी लागते.

दुसरी वाट पुष्कळांना नीटनेटकी वाटते. एका सभासदाला तीन पुस्तकं मिळतात ना, मग `pustak1`, `pustak2`, `pustak3` असे तीन कॉलम करायचे. आता एका चौकटीत एकच क्रमांक राहतो आणि 112 चा घोळही संपतो. तरी १२ नंबर शोधायला तिन्ही कॉलम चाळावेच लागतात. पुस्तक नेल्याची तारीख हवी असेल तर `tarikh1`, `tarikh2`, `tarikh3` येतात. वाचकाने मधलं पुस्तक परत केलं की `pustak2` रिकामं राहतं. पुढचं पुस्तक कुठे लिहायचं, रिकाम्या जागेत की शेवटी? आणि `pustak1` मधलं पुस्तक पहिलं का? या १, २, ३ ला वाचनालयात काहीच अर्थ नाही, ते फक्त तक्त्याच्या आखणीतून आलेले आकडे आहेत. एकाच प्रकारची गोष्ट एका ओळीत अशी पुन्हा पुन्हा मांडली की त्याला रिपीटिंग ग्रुप म्हणतात. स्वल्पविरामांची यादी हे त्याच दुखण्याचं दुसरं रूप आहे.

आता वरच्या चार ओळी पुन्हा पाहा. १२ नंबर सभासद 57 कडे आहे आणि 60 कडेही आहे. दाखल क्रमांक एका प्रतीचा असतो, म्हणजे एकच पुस्तक एकाच वेळी दोन घरांत आहे. माझ्या मते या मांडणीचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे. शोध हळू होतो ही फार तर गैरसोय झाली. इथे खोटी नोंद शिरली आणि कोणी हटकलंही नाही. तीन कॉलम केले असते तरी 57 चं `pustak1` आणि 60 चं `pustak2` यांची आपसात तुलना करण्याचा साधा नियम डेटाबेसला सांगता आला नसता.

दुरुस्ती करायची तर सभासदाच्या ओळीतून पुस्तकं बाहेर काढून त्यांना स्वतःचा तक्ता द्यायचा:

```sql
CREATE TABLE devghev (
  dakhal_kr INTEGER PRIMARY KEY,
  sabhasad_kr INTEGER NOT NULL
    REFERENCES sabhasad(sabhasad_kr),
  tarikh DATE NOT NULL
);
```

बाहेर गेलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक ओळ. पुस्तक परत आलं की ती ओळ काढायची. जुन्या चौकटी फोडून आपण ओळी भरू लागतो: 12 कडे 57, 845 कडे 57, 112 कडे 58, 1204 कडे 59, 733 कडे 60. मग 12 कडे 60 ही ओळ भरायला जातो आणि डेटाबेस ती नाकारतो, कारण `dakhal_kr` ही प्रायमरी की आहे, म्हणजे त्यात एकच क्रमांक दोनदा येऊ शकत नाही, आणि 12 आधीच नोंदलेला आहे. इतके दिवस लपून राहिलेली चूक त्या क्षणी समोर येते. दोघांपैकी कोणाकडे पुस्तक आहे हे घरी जाऊनच विचारावं लागेल, पण विचारायला हवं एवढं तरी कळतं.

याची एक किंमतही आहे. तीन कॉलम असताना चौथं पुस्तक लिहायला जागाच नव्हती. नव्या तक्त्यात एका सभासदाच्या कितीही ओळी बसतात, त्यामुळे तीनची मर्यादा वेगळी तपासावी लागते. मला हा सौदा योग्य वाटतो. वाचनालयाने उद्या चार पुस्तकं द्यायचं ठरवलं तर एक आकडा बदलेल, तक्ता बदलावा लागणार नाही.

आयबीएमच्या सॅन होझे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी 1970 साली माहिती तक्त्यांत मांडण्याच्या रिलेशनल मॉडेलवरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात हेच मांडलं आहे. त्यांचं उदाहरण कर्मचाऱ्यांचं होतं. कर्मचाऱ्याच्या नोंदीच्या पोटात त्याच्या मुलांची यादी आणि हुद्द्यांचा इतिहास, आणि प्रत्येक हुद्द्याच्या पोटात पुन्हा पगाराचा इतिहास. कॉड यांनी प्रत्येक यादीचा स्वतंत्र तक्ता केला आणि वरच्या तक्त्याची की खालच्या तक्त्यात उतरवली. म्हणून पगाराच्या प्रत्येक ओळीत कर्मचारी क्रमांक, हुद्द्याची तारीख आणि पगाराची तारीख अशा तिन्ही गोष्टी येतात. आपण `devghev` मध्ये `sabhasad_kr` नेला, तो याच रीतीने. प्रत्येक चौकटीत एकच, अविभाज्य मूल्य असलेल्या या मांडणीला पुढे फर्स्ट नॉर्मल फॉर्म हे नाव रूढ झालं.

अविभाज्य कशाला म्हणायचं, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही. तारखेत दिवस, महिना आणि वर्ष असतं, तरी आपण तिला एकच मूल्य मानतो, कारण डेटाबेसला तिची रचना ठाऊक असते आणि महिना हवा असेल तर तोच काढून देतो. सभासदाचं पूर्ण नाव तसं नाही. पावतीवर छापण्यापुरतंच नाव लागत असेल तर एक कॉलम पुरतो. पण यादी आडनावाप्रमाणे लावायची असेल, तर कोणी आडनाव आधी लिहिलंय आणि कोणी शेवटी, आणि डेटाबेसला त्यातलं आडनाव ओळखता येत नाही. अशा वेळी ते नाव म्हणजे एका चौकटीत कोंबलेल्या तीन गोष्टी असतात, आणि त्यांना तीन कॉलम द्यावे लागतात. पत्त्यातल्या पिनकोडचंही तेच.

वाचनालयातलंच आणखी एक उदाहरण मला फार आवडतं. पुस्तकांना विषयाप्रमाणे क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणात 891.46 म्हणजे मराठी साहित्य आणि 891.463 म्हणजे मराठी कथा-कादंबरी. या क्रमांकाच्या पोटात भाषा आहे आणि साहित्यप्रकारही आहे, मग तोही फोडायचा का? मी फोडणार नाही. त्याचे अंक डावीकडून उजवीकडे बारीक होत जातात, त्यामुळे अक्षरांचा कॉलम ठेवला तर `LIKE '891.463%'` असं विचारून मराठी कथा-कादंबरी बरोबर मिळते, आणि `%` शेवटी असल्याने योग्य प्रकारचा इंडेक्स असेल तर तो वापरताही येतो. पण पुस्तकाच्या कण्यावरच्या चिठ्ठीवर या क्रमांकाखाली लेखकाच्या आडनावाची अक्षरं असतात. ती त्याच चौकटीत चिकटवली, तर ‘या लेखकाची सगळी पुस्तकं’ शोधताना पुन्हा `%` सुरुवातीला लावावं लागेल. वर्गाचा क्रमांक आणि लेखकाची अक्षरं या दोन वेगळ्या कॉलमच्या गोष्टी आहेत, चिठ्ठीवर त्या एकाखाली एक छापल्या जात असल्या तरी.