शेंगेन व्हिसा नाकारला तर: पत्रातली खूण, बर्लिनचं कोर्ट आणि मोंढ्याची पट्टी

उदगीरकडच्या एका गावातले काका-काकू, वय बासष्ट आणि अठ्ठावन्न. मुलगा जर्मनीत इंजिनिअर. त्याच्याकडे नव्वद दिवस जायचं म्हणून दोघांनी अर्ज केला आणि तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आले, आत एकेक कागद. काकांनी तो माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "इंग्रजीत काय लिवलंय ते जाऊ द्या, पुन्हा भरायचं का नाही तेवढं सांगा." पण तेवढं सांगायलाच तो कागद नीट वाचावा लागतो.

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश. त्यांचं नकारपत्र म्हणजे एक छापील नमुना असतो. फ्रान्स असो, इटली असो की जर्मनी, कारणांची यादी एकच असते आणि तुम्हाला लागू पडणाऱ्या कारणापुढं खूण केलेली असते. तुमच्या कागदात नेमकं काय खटकलं हे बहुतेक वेळा लिहीत नाहीत, ते आपण शोधायचं. काकांच्या पत्रात दोन खुणा होत्या. एक, राहण्याचा आणि परतीचा खर्च भागेल याचा पुरावा नाही. दुसरी, मुदत संपण्याआधी परत जाल याबद्दल रास्त शंका आहे. ही दोन वेगळी दुखणी आहेत. पैसा कितीही दाखवला तरी दुसरी खूण पुसली जात नाही. नेमकी हीच गफलत लोक करतात आणि पुन्हा अर्ज करताना फक्त बँकेतली शिल्लक वाढवतात.

काही खुणा मात्र वेगळ्या जातीच्या असतात. पासपोर्ट बनावट आहे, जोडलेल्या कागदांच्या खरेपणाबद्दल शंका आहे, किंवा तुमचं नाव शेंगेनच्या सूचना यादीत आहे. यातली खूण असेल तर घाईनं नवा अर्ज करू नका, कारण तो आरोप नोंदीत तसाच राहतो. अर्जाची आणि नकाराची नोंद पाच वर्षं राहते आणि सगळ्या शेंगेन देशांना दिसते. "जर्मनीनं नाही दिला तर फ्रान्सकडून काढू" हा सल्ला म्हणूनच फुकाचा. शिवाय जिथं मुख्य मुक्काम आहे त्याच देशाकडं अर्ज करायचा असतो. एक दिलासा आहे: आधी नकार मिळाला एवढ्याच कारणावरून पुढचा अर्ज नाकारता येत नाही, तसा शेंगेनचा नियमच आहे.

आता अपील की नवा अर्ज? अपील कुठं करायचं हे ज्या देशानं नाकारलं त्याच्या कायद्यावर असतं आणि ते पत्राच्या शेवटी लिहिलेलं असतं. जर्मनीत पूर्वी दूतावासाकडंच फेरविचाराचा अर्ज फुकटात करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. जुने लेख आणि काही एजंट अजून तोच मार्ग सांगतात, त्यावर जाऊ नका. आता दाद मागायची तर पत्र हातात पडल्यापासून एका महिन्यात बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा टाकावा लागतो. वकील सक्तीचा नाही, पण कामकाज जर्मनमध्ये चालतं, कोर्टाची फी लागते आणि निकालाला कित्येक महिने जातात. आपण सगळं दिलं होतं, तरी चुकीची खूण केली, आणि हे दाखवायला जमा कागदांची यादी हातात आहे, असं असेल तर दावा शोभतो. खोटेपणाचा आरोप असेल तरीही. काकांच्या फाइलीत मात्र खरोखरच उणिवा होत्या, त्यामुळं नवा अर्ज हाच शहाणपणाचा रस्ता होता. त्याला थांबण्याची मुदत नाही. फी मात्र पुन्हा पूर्ण, मोठ्या माणसाला ९० युरो, आणि आधीची परत मिळत नाही.

फाइल उघडली. काकांच्या पासबुकात अर्जाच्या बारा दिवस आधी ४,०२,००० रुपये रोख भरलेले. त्याआधी शिल्लक कधी अठरा हजार, कधी एकतीस. तपासणाऱ्याला यातून एकच गोष्ट दिसते: पैसे दाखवायला आणलेत. मी विचारलं तेव्हा कळलं, दिवाळीच्या सुमाराला साठ क्विंटल सोयाबीन ४,२०० च्या भावानं मोंढ्यात घातलेलं, त्याचे २,५२,००० घरात होते. उरलेले दीड लाख मेव्हण्याकडून उसने, कारण ओळखीतल्या एजंटानं "चार लाख दिसले पाहिजेत" म्हणून सांगितलं होतं.

आम्ही दीड लाख मेव्हण्याला खात्यातूनच परत केले. काकू दचकल्या, पैसे कमी करून व्हिसा कसा मिळणार? पण उसन्या पैशाला कागद नसतो आणि सोयाबीनला असतो. आडत्याची हिशोब पट्टी काढली, तिच्यावर तारीख, वजन, भाव आणि हातात पडलेली रक्कम होती. पैसे चार महिने घरात का राहिले हे एका परिच्छेदात सरळ लिहिलं. दूध डेअरीचे दर दहा दिवसांनी जमा होणारे दोन-अडीच हजार आधीपासूनच खात्यात होते, त्या नोंदींवर खुणा केल्या. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून रिटर्न नाही, हेही लिहून टाकलं. नाहीतर तो कागद राहून गेला असंच वाटतं.

खर्चाचा खरा भार मुलानं उचलला. पहिल्या वेळी त्यानं साधं निमंत्रणपत्र पाठवलं होतं, त्याला कायद्याचं वजन नसतं. या वेळी त्यानं आपल्या शहरातल्या परदेशी नागरिक कार्यालयात पगाराच्या पावत्या दाखवून अधिकृत हमीपत्र केलं. जर्मन नाव फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग, उच्चार नाही जमला तरी चालेल. मूळ प्रत इकडं मागवायची आणि सहा महिन्यांच्या आत अर्जाला जोडायची. याच्यावर पहिली खूण निकालात निघते. दुसरी नाही, हे पुन्हा सांगतो.

परत येण्याच्या शंकेचं मूळ मला तारखांत सापडलं. २० मार्च ते १७ जून, पूर्ण नव्वद दिवस. स्वतःला शेतकरी म्हणवणारा माणूस पेरणीच्या तोंडावर परदेशात! आपल्याकडं मृग ७-८ जूनला लागतो, तोपर्यंत बी-खताची जुळवाजुळव झालेली असते. म्हणून मुक्काम ५ एप्रिल ते १९ मे, पंचेचाळीस दिवसांचा केला. हरभरा निघालेला, पेरणी पुढं, मधला मोकळा काळ. पीक पाहणीची नोंद असलेला सातबारा आणि आठ-अ डिजिटल सहीचा काढला आणि इंग्रजी भाषांतर करून घेतलं. पहिल्या फाइलीत सातबारा नुसता मराठीत होता, म्हणजे नसल्यासारखाच. पासपोर्टवर एक नाव आणि सातबाऱ्यावर पुढं "राव" लागलेलं, त्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. म्हशी आणि शेत कोण बघणार, तर धाकटा भाऊ. त्याचं सहीचं पत्र आणि सातबाऱ्यावरचं त्याचं नाव जोडलं.

सगळ्यावर एक पानी पत्र. त्यात आधीच्या नकाराची तारीख पहिल्याच ओळीत, मग प्रत्येक खुणेखाली काय बदललं आणि कोणत्या पानावर आहे. विनवण्या नाहीत. "कृपया सहानुभूतीने" हे शब्द काकांनी दोनदा घातले, मी दोनदा काढले.

बोटांचे ठसे ५९ महिन्यांच्या आत दिलेले असले तर तेच वापरता येतात. फाइल जमा करायला जाताना काकांनी मोंढ्याची मूळ पट्टी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली होती, प्रत जोडलेली असतानाही. निघताना मी फक्त एवढं बघितलं की जमा कागदांच्या यादीवर त्या पट्टीपुढं टिक आहे की नाही, आणि यादीची एक प्रत त्यांना घरी ठेवायला सांगितली.