ई-सायकलच्या टायरात हवा किती?

‘ई-सायकल जड असते, म्हणून टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याइतकी हवा भरली की पंक्चर होत नाही ना?’

नाही. तो आकडा म्हणजे टायरची मर्यादा. दगडासारखा कडक टायर दबत नाही, त्यामुळे काच सरळ आत घुसते. गाडी २५ आणि स्वार ७५ किलोचा, टायर ५० मिमी रुंद असेल, तर मागे साधारण ४५ पीएसआय आणि पुढे ३५ पुरतात. फार कमी हवाही नकोच: खड्ड्यात ट्यूब रिमला चेपून तिला दोन समांतर चिरा पडतात. शिवाय मागच्या हब मोटरच्या जोराने टायर रिमवर सरकतो. व्हॉल्व्ह तिरका दिसला की ओळखा. याच जोराने मागचा टायर लवकर झिजतो आणि झिजलेल्या टायरात काच सहज घुसते, म्हणून ट्रेडखाली जाड रबरी संरक्षक थर असलेलाच घ्या. बाभळीचा लांब काटा मात्र त्यालाही भेदतो.