शंभर टक्के काम, शून्य उपयोग

२० सप्टेंबर २०१५ च्या पहाटे, पॅसिफिक वेळेनुसार २ वाजून १९ मिनिटांनी, अमेरिकेच्या पूर्व भागातल्या अ‍ॅमेझॉनच्या डेटासेंटरमध्ये नेटवर्क थोडा वेळ अडखळलं. त्याचा फटका डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेला बसला. तिच्या स्टोरेज सर्व्हरांना आपल्याकडे कोणत्या टेबलांचे कोणते तुकडे आहेत, याची यादी एका मध्यवर्ती मेटाडेटा सेवेकडून घ्यावी लागे. नेटवर्क परत आल्यावर कित्येक सर्व्हरांनी एकदमच ती यादी मागितली. इंडेक्सची एक नवी सोय ग्राहक मोठ्या प्रमाणावर वापरू लागल्याने याद्याही फुगलेल्या होत्या. ठरलेल्या वेळेत उत्तर मिळेना, म्हणून सर्व्हर सेवेतून बाजूला झाले आणि पुन्हा पुन्हा तीच यादी मागत राहिले.

नेटवर्क केव्हाच सुधारलं होतं, पण कोंडी सुटत नव्हती. ग्राहकांच्या सुमारे ५५ टक्के विनंत्या अयशस्वी होत होत्या. मेटाडेटा सेवेची क्षमता वाढवावी म्हटलं, तर अभियंत्यांच्या आज्ञाही त्याच गर्दीत अडकत होत्या. अखेर ५ वाजून ६ मिनिटांनी त्यांनी मेटाडेटा सेवेकडे येणाऱ्या विनंत्या चक्क थांबवल्या. ताण उतरला, क्षमता वाढवता आली, मग दार पुन्हा उघडलं. ७ वाजून १० मिनिटांपर्यंत बहुतेक ग्राहकांचं काम सुरळीत झालं.

कारण संपूनही कोंडी टिकते कशी, हे एका छोट्या हिशेबातून दिसतं. समजा, एक डेटाबेस सेकंदाला १००० क्वेरी पूर्ण करू शकतो आणि अ‍ॅप उत्तरासाठी ३ सेकंद थांबतं. एका संध्याकाळी सेकंदाला १२०० क्वेरी येऊ लागल्या. दर सेकंदाला २०० मागे राहतात, म्हणजे १५ सेकंदांत रांग ३००० वर जाते. आता नव्या क्वेरीचा नंबर यायलाच ३ सेकंद लागतात, आणि तोवर अ‍ॅपने वाट पाहणं सोडलेलं असतं. डेटाबेस मात्र रांगेतली क्वेरी इमानेइतबारे चालवतो आणि उत्तर घ्यायला कुणी नसतं. प्रोसेसर शंभर टक्के व्यस्त, सेकंदाला हजार क्वेरी पूर्ण, आणि उपयोगी काम जवळपास शून्य. मागणी जास्त होती फक्त वीस टक्क्यांनी.

त्यात प्रत्येक फसलेली क्वेरी अ‍ॅपने एकदा पुन्हा पाठवली, तर १२०० च्या २४०० होतात. रात्री गर्दी ओसरून खरी मागणी ८०० वर आली तरी डेटाबेसच्या दारात १६०० येतात. क्षमता हजाराचीच, त्यामुळे रांग हटत नाही. एरवी ८०० क्वेरी ज्याने आरामात उरकल्या असत्या, तो डेटाबेस आता एकालाही वेळेत उत्तर देऊ शकत नाही. अशा वेळी यंत्र किती व्यस्त आहे याचा आलेख फसवतो. बघायचं ते हे की रांगेतली सर्वांत जुनी क्वेरी किती वेळ तिष्ठत आहे.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांच्या हातात यासाठी साधी साधनं आहेत. आधी एका वेळी किती क्वेरी आत घ्यायच्या ते ठरवावं. एका क्वेरीला सरासरी २० मिलिसेकंद लागत असतील आणि सेकंदाला हजार होत असतील, तर कोणत्याही क्षणी चालू असलेल्या क्वेरी १००० गुणिले ०.०२, म्हणजे २० असतात. तेव्हा आत वीस जागा पुरेत. कनेक्शन कमी पडतात म्हणून `max_connections` शंभरावरून हजारावर नेणं हा सर्वांत सहज सुचणारा आणि माझ्या मते सर्वांत घातक उपाय. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनमागे एक स्वतंत्र प्रोसेस असते. हजार प्रोसेस त्याच प्रोसेसर, मेमरी आणि लॉकसाठी झगडू लागल्या की वीस मिलिसेकंदांची क्वेरीही रेंगाळते आणि मूळची हजाराची क्षमताही घटते.

म्हणून मर्यादा डेटाबेसच्या आधी, पीजीबाउन्सरसारख्या कनेक्शन पूलरमध्ये घालतात, म्हणजे अ‍ॅप आणि डेटाबेसच्या मध्ये बसून मोजकी कनेक्शनं आळीपाळीने वाटणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. ट्रान्झॅक्शन पद्धतीच्या पूलमध्ये वरच्या उदाहरणासाठी ती अशी दिसेल:

```
default_pool_size = 20
query_wait_timeout = 1
```

पहिली ओळ आतल्या जागा ठरवते. दुसरी सांगते की सेकंदभरात जागा मिळाली नाही तर त्या क्लायंटचं कनेक्शन तोडा. हा आकडा मुळात १२० सेकंद असतो. ३ सेकंदांत कंटाळणाऱ्या अ‍ॅपसमोर दोन मिनिटांची रांग म्हणजे वर पाहिलेली कोंडीच. उरलेले २ सेकंद क्वेरी चालायला ठेवायचे आणि तेही डेटाबेसला सांगायचे:

```
ALTER ROLE app SET statement_timeout = '2s';
```

हे न सांगितल्यास क्लायंट निघून गेला तरी पोस्टग्रेसला चालू क्वेरीच्या मध्ये ते सहसा कळत नाही. तो ती शेवटपर्यंत चालवतो. आवृत्ती १४ पासून अधूनमधून कनेक्शन तपासायची सोय आली, पण ती मुळात बंद असते. पीजीबाउन्सरच्या कन्सोलवर `SHOW POOLS` दिलं की `maxwait` या रकान्यात सर्वांत जुन्या प्रतीक्षेचे सेकंद दिसतात. तो आकडा शून्याच्या आसपास असेल तर तब्येत ठीक. सतत वर राहू लागला तर रांग साचते आहे.

क्षणभर उसळलेली गर्दी आणि साचलेली रांग यांत फरक करायला हवा. पहिली आपोआप विरते, तिच्यापायी कुणाला परत पाठवणं अन्यायाचं. इंटरनेटच्या राउटरांसाठी कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली कोडेल पद्धत हाच भेद ओळखते: रांगेच्या लांबीऐवजी ती रांगेत थांबण्याचा वेळ मोजते आणि ठरावीक काळात तो एकदाही पुरेसा खाली आला नाही तरच रांगेतली पॅकेट टाकून द्यायला सुरुवात करते. फेसबुकच्या अभियंत्यांनी ही कल्पना सर्व्हरांच्या रांगांना लावली आणि जोडीला गर्दीच्या वेळी शेवटी आलेल्याला आधी घ्यायचं ठरवलं. ऐकायला हे खटकतं. पण सर्वांत जुना बहुधा निघून गेलेला असतो, नुकता आलेला अजून थांबलेला असतो.

खरी अडचण नकार कुणाला द्यायचा ही आहे, आणि इथे सरसकट छाटणी भलतीच महाग पडते. एका पानासाठी चार क्वेरी लागत असतील आणि प्रत्येक वेळी निम्म्या क्वेरी यादृच्छिकपणे नाकारल्या, तर चारही पार पडण्याची शक्यता सोळात एक. निम्मे लोक समाधानी होण्याऐवजी सहा टक्के होतात, आणि बाकीच्यांच्या एक-दोन पार पडलेल्या क्वेरींवरची मेहनत वाया जाते. चीनच्या वीचॅटने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत याचं उत्तर आहे. रांगेतला सरासरी वेळ २० मिलिसेकंदांवर गेला की ती यंत्रणा गर्दी झाली असं मानते आणि कामाच्या महत्त्वानुसार छाटते: लॉगिन आणि पैसे भरणं वर, बाकीचं खाली. एकाच पातळीत निवड करायची वेळ आली तर वापरकर्त्याच्या ओळखक्रमांकावरून त्याची प्राथमिकता काढतात. त्यामुळे एका माणसाच्या सगळ्या विनंत्या एक तर आत जातात किंवा सगळ्याच बाहेर राहतात. तीच माणसं कायम बाहेर राहू नयेत म्हणून हा क्रम दर तासाला बदलतो.

नाकारण्यालाही खर्च असतो. पूलर विनंती परत पाठवतो तेव्हा तो नगण्य असतो, पण नकार मिळताच अ‍ॅपने लगेच पुन्हा दार ठोठावलं तर तोही वाढत जातो. म्हणून अ‍ॅपने दर वेळी दुप्पट थांबावं, त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळावा, आणि पुन्हा पाठवण्याच्या क्वेरी एकूण क्वेरींच्या, समजा, दहा टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नयेत. वरच्या हिशेबात तेवढ्याने ८०० च्या १६०० ऐवजी ९०० च्या आतच राहतात, आणि हजाराचा डेटाबेस साचलेली रांग स्वतःच उपसून काढतो.