अवटू ग्रंथी आणि टीएसएच

अवटू ग्रंथी, म्हणजे रोजच्या बोलण्यातली थायरॉइड, ही गळ्याच्या पुढच्या बाजूला स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिकेला बिलगून असणारी अंतःस्रावी ग्रंथी आहे. डावा व उजवा असे तिचे दोन खंड एका चिंचोळ्या पट्टीने जोडलेले असतात. प्रौढ व्यक्तीत तिचे वजन साधारणपणे १५ ते २५ ग्रॅम भरते. टॉमस व्हॉर्टन या इंग्लिश वैद्याने १६५६ मध्ये तिचे वर्णन करून तिला आजचे नाव दिले. तिच्या कार्याची उकल मात्र फार नंतर झाली.

ही ग्रंथी रक्तातले आयोडीन खेचून घेते आणि त्यापासून दोन हॉर्मोने बनवते. चार आयोडीन अणूंचे ते थायरॉक्सिन किंवा टी-४ आणि तीन अणूंचे ते टी-३. ग्रंथीतून बाहेर पडणारा मोठा हिस्सा टी-४ चा असतो, पण पेशींत प्रत्यक्ष काम करते ते टी-३. शरीरातल्या टी-३ पैकी सुमारे चार पंचमांश भाग ग्रंथीबाहेर, यकृत, मूत्रपिंड व इतर ऊतींत टी-४ मधून एक आयोडीन अणू काढून तयार होतो. म्हणून टी-४ हा मुख्यतः साठा समजणे योग्य.

टी-३ पेशीच्या केंद्रकात शिरून ठरावीक जनुकांचे काम वाढवते किंवा कमी करते. जवळजवळ प्रत्येक ऊतीला ते लागते, म्हणूनच थायरॉइडच्या विकारांची लक्षणे इतकी विखुरलेली दिसतात. हॉर्मोन कमी पडले की शरीरातली उष्णतानिर्मिती घटते, थंडी सोसवत नाही, नाडी मंदावते, आतड्यांची हालचाल कमी होऊन बद्धकोष्ठता होते, पाळी अनियमित होते. यकृतपेशी रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल कमी प्रमाणात उचलतात, त्यामुळे ते वाढते. हॉर्मोन जास्त झाले की नाडी जलद होते, हात थरथरतात, वजन उतरते आणि वयस्कांत हृदयाची लय बिघडू शकते. गर्भाच्या व नवजात बाळाच्या मेंदूची वाढ या हॉर्मोनावर अवलंबून असते. त्या काळातली कमतरता नंतर औषध देऊन पूर्णपणे भरून निघत नाही.

टीएसएच हे थायरॉइडचे हॉर्मोन नव्हे. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत तयार होते आणि थायरॉइडला काम करायला लावते. पीयूषिकेला त्यासाठी मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून टीआरएच या हॉर्मोनाचा इशारा मिळतो. टीआरएचची रचना १९६९ मध्ये गिल्मॅं आणि शाली या शास्त्रज्ञांच्या गटांनी स्वतंत्रपणे उलगडली. रक्तात टी-४ व टी-३ वाढले की पीयूषिका टीएसएच आवरते आणि ही हॉर्मोने घटली की वाढवते. त्यामुळे अहवाल उलटा वाचावा लागतो: टीएसएच जास्त म्हणजे थायरॉइड सुस्त, टीएसएच कमी म्हणजे थायरॉइड अतिसक्रिय किंवा थायरॉक्सिनच्या गोळीचा डोस अधिक.

टी-४ आणि टीएसएच यांच्या या नात्याची तीव्रता समान नसते, आणि चाचणीचे सगळे मोल इथेच आहे. मुक्त टी-४, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेले टी-४, निम्मे झाले तर टीएसएच जवळजवळ शंभरपट होऊ शकते, असा हिशेब जुन्या ग्रंथांत दिलेला असतो. नंतरच्या अभ्यासांत हे नाते संपूर्ण पट्ट्यात इतके सरळ आढळलेले नाही. सामान्य मर्यादेच्या मध्यभागी ते बरेच सपाट असते. तरीही मूळ मुद्दा टिकतो. एकाच व्यक्तीची टी-४ पातळी लोकसंख्येच्या सामान्य पट्ट्याच्या लहानशा भागातच हलत असते. ती तिथून थोडी घसरली तर टी-४ चा अहवाल सामान्यच येतो, टीएसएच मात्र मर्यादा ओलांडते. १९६०च्या दशकातल्या किरणोत्सर्गी पद्धतीच्या चाचण्यांना वाढलेले टीएसएच दिसे, पण कमी झालेले व सामान्य यांतला फरक कळत नसे. आजच्या तिसऱ्या पिढीच्या चाचण्या सुमारे ०.०१ मिलियुनिट प्रति लिटरपर्यंत मोजतात, म्हणून अतिसक्रियताही त्याच आकड्यावरून ओळखता येते.

सामान्य मर्यादा बहुतेक प्रयोगशाळा ०.४ ते ४.० मिलियुनिट प्रति लिटरच्या आसपास छापतात. वरच्या सीमेवर मोठा वाद झाला. २००० नंतरच्या काही वर्षांत एका गटाचे म्हणणे असे होते, की शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटून होणारा स्वप्रतिरक्षा थायरॉइडदाह लपलेल्या रूपात असलेल्या व्यक्ती वगळल्या तर सीमा २.५ वर आणावी. दुसऱ्या गटाने दाखवले, की अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणात विकारमुक्त व्यक्तींची वरची सीमा ४.१ च्या सुमारास येते, आणि वय वाढते तशी ती वर सरकते. ऐंशीच्या पुढे ७ च्या आसपासचे मूल्यही विकाराशिवाय आढळते. सीमा खाली आणली तर लाखो निरोगी माणसांना रोगी ठरवावे लागेल, हा दुसऱ्या गटाचा आक्षेप अधिक ग्राह्य वाटतो. ६५ वर्षांवरील रुग्णांत किंचित वाढलेल्या टीएसएचवर थायरॉक्सिन देऊन लक्षणांत फरक पडला नाही, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले. टी-४ सामान्य असताना टीएसएच १० च्या वर टिकून राहिले, तर मात्र बहुतेक तज्ज्ञ उपचाराकडे झुकतात.

एकाच अहवालावर निर्णय घेऊ नये, याचे कारण टीएसएच दिवसभर सारखे नसते. मध्यरात्रीनंतर ते सर्वाधिक असते, दुपारी सर्वांत कमी. आजारपणातून उठताना ते तात्पुरते वाढते. म्हणून थोडे वाढलेले मूल्य दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी, पुन्हा तपासतात.

उपचार चालू असताना घाई कशी फसवते, हे एका नमुन्यादाखल घेतलेल्या रुग्णावरून स्पष्ट होईल. ४२ वर्षांच्या स्त्रीचे टीएसएच १८ आणि मुक्त टी-४ ०.७ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आले. प्रयोगशाळेची खालची सीमा ०.८ आहे. ७५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन सुरू केले. तीन आठवड्यांनी टी-४ १.१ झाले, टीएसएच मात्र ९.५ वर. डोस वाढवावा असे इथे सहज वाटते. पण टी-४ चे रक्तातले अर्धायुष्य सुमारे ७ दिवस असल्याने नवी पातळी स्थिरावायला पाच आठवडे लागतात, आणि पीयूषिका त्याच्याही मागून सावरते. डोस तसाच ठेवून आठव्या आठवड्यात तपासणी केली, तेव्हा टीएसएच ३.१ निघाले. तिसऱ्याच आठवड्यात गोळी वाढवली असती, तर टीएसएच सामान्य मर्यादेखाली जाऊन छातीत धडधड सुरू होण्याचा धोका होता. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबण्याचा प्रघात यातूनच आला.

टीएसएचवर विसंबायचे तर पीयूषिका निरोगी आहे हे गृहीत धरावे लागते. तिच्यावर गाठ असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर टी-४ कमी असूनही टीएसएच सामान्य किंवा कमी येते; अशा वेळी मुक्त टी-४ वरच भरवसा ठेवावा. गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत एचसीजी हे हॉर्मोन थायरॉइडला स्वतःच उत्तेजन देते, म्हणून टीएसएच विकाराशिवाय खाली जाते. थायरॉइड अतिसक्रिय करणाऱ्या ग्रेव्हज विकारावर उपचार झाल्यानंतरही ते आठवडे, कधी महिनेही, दबलेलेच राहते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या जास्त मात्रेच्या बायोटिन गोळ्यांमुळे काही चाचणीपद्धतींत टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दिसते. अतिसक्रियतेचा असा अहवाल हाती आला आणि रुग्णाची नाडी व वजन अगदी ठीक असले, तर गोळ्यांची चौकशी करून, त्या दोन-तीन दिवस थांबवून तपासणी पुन्हा करावी.