मधे स्पीकर नसतो, तरी गाणं मधून येतं

दोन स्पीकरांच्या बरोबर मधे बसून गाणं ऐकलं की गायिका समोरच्या भिंतीतून गाते असं वाटतं, आणि तिथे तर काहीच नसतं. दोन्ही स्पीकरांतून तोच आवाज, तितकाच मोठा, एकाच क्षणी आला की मेंदू त्याचा उगम मधे ठरवतो. डावी-उजवीकडे जे तंतोतंत सारखं असेल, ते मधेच ऐकू येणार.

म्हणून गिटारचा ट्रॅक कॉपी करून एक प्रत डावीकडे आणि एक उजवीकडे पॅन केली तर गाणं रुंद होत नाही. दोन्ही प्रती मिळून मधेच येतात, थेट गायिकेच्या वाटेत. मग बरेच जण एक प्रत १० मिलिसेकंद मागे सरकवतात. हेडफोनवर ते छान भरदार वाटतं. पण एकाच स्पीकरच्या ब्लूटूथवर दोन्ही बाजू एकत्र होतात. ५० हर्ट्झच्या लाटेचा अर्धा फेरा नेमका १० मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे एका प्रतीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडतो आणि दोन्ही पुसले जातात. तसंच १५०, २५०, ३५० हर्ट्झला होतं. गिटार पाइपमधून वाजल्यासारखी पोकळ ऐकू येते.

यावर खरा उपाय म्हणजे तोच भाग पुन्हा वाजवणं. हात दुसऱ्यांदा कधी हुबेहूब चालत नाही. एक फटका किंचित आधी पडतो, पुढचा उशिरा, एखादी तार जास्त दाबली जाते. हा फरक सतत बदलत असल्याने ठरावीक सूर कायमचे पुसले जात नाहीत, आणि दोन्ही बाजू वेगळ्या राहतात.

अलीकडे एका मित्राच्या ई मायनरमधल्या गाण्यावर काम करताना मी असेच दोन टेक घेतले. रुंदी मिळाली, तरी गाणं गढूळच. दोष खालच्या सुरांचा होता. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झची, आणि इतक्या खालच्या सुरांची दिशा कानाला नीट कळत नाही. ते कितीही बाजूला टाकले तरी बास आणि किकमध्ये मिसळतात. दोन्ही गिटारींना १०० हर्ट्झच्या आसपास लो-कट लावला, म्हणजे त्याखालचे सूर कापून टाकले. शिवाय दुसरा टेक सातव्या फ्रेटवर कॅपो लावून ए मायनरच्या आकारात वाजवला, म्हणजे गाण्याची पट्टी तीच राहिली पण गिटार वरच्या सुरांत गेली. कडव्यात एकच गिटार ठेवली, ध्रुवपदाला दुसरी आली, आणि तिथे गाणं खरोखर उघडलं.

फटके मात्र जवळजवळ पडायला हवेत. अंतर ३० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की ‘टक’ऐवजी ‘ट-टक’ ऐकू येऊ लागतं. जास्त डिस्टॉर्शनच्या गिटारीत तर दोघी एकाच वेळी थांबतात का, हेही बघावं लागतं. नंतर सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या मास्टरवर, दोन्ही बाजू एक करणारं मोनोचं बटण दाबून ऐकायचं. गिटारी थोड्या मागे गेल्या तर चालेल. त्या नाहीशाच झाल्या, तर कॉपी केलेल्या ट्रॅकची फेज कुठेतरी उलटी झालेली असते, म्हणजे उंचवट्याच्या जागी खळगा आलेला असतो.