ॲप मराठीत आणायचे आहे? वाक्यांसोबत पडदेही पाठवा

ॲपचे मराठी भाषांतर करताना नव्या ग्राहकाकडून आम्ही वाक्यांच्या यादीबरोबर प्रत्येक पडद्याचा स्क्रीनशॉटही मागतो. तो का लागतो, ते घरपोच किराणा देणाऱ्या ॲपच्या उदाहरणावरून पाहा.

ऑर्डर रद्द करताना ॲप विचारते, ‘ऑर्डर रद्द करायची का?’ मूळ इंग्रजीत खाली ओके आणि कॅन्सल अशी दोन बटणे आहेत. नुसती यादी हातात असेल, तर त्यांचे ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’ होते. आता ज्याला ऑर्डर नको आहे, तो साहजिकच ‘रद्द करा’ दाबतो. पण त्या बटणाने फक्त प्रश्नाची चौकट बंद होते, ऑर्डर तशीच राहते आणि सामान दारात येते. शब्द एकही चुकलेला नाही, तरी माणूस फसला. आम्ही इथे ‘ऑर्डर रद्द करा’ आणि ‘ऑर्डर राहू द्या’ असे लिहितो. एखादा शब्द वाढला तरी चालेल, पण वरचा प्रश्न न वाचता बटण दाबणाऱ्यालाही ते कळले पाहिजे.

दुसरी अडचण कोडमधल्या रिकाम्या जागेची, म्हणजे `%s` ची. ॲप चालताना तिथे एखादा शब्द किंवा नाव भरले जाते.

```
msgid "%s deleted"
msgstr "%s हटवला"
```

`%s` च्या जागी ‘फोटो’ आला तर ठीक, पण ‘यादी’ आली की ‘यादी हटवला’ असे दिसते. तिथे काय काय येऊ शकते, ते आम्हाला कळवा. तीन-चारच गोष्टी असतील, तर प्रत्येकीचे वेगळे वाक्य करावे: फोटो हटवला, यादी हटवली, बिल हटवले. वापरणाऱ्याने स्वतः दिलेले नाव येणार असेल, तर ‘“दिवाळी” ही यादी हटवली’ अशी रचना करतो. मग नाव काहीही असो, क्रियापद ‘यादी’प्रमाणे चालते.

प्रत्ययाचेही असेच आहे. ‘%s ला डिलिव्हरी नाही’ लिहिले की पडद्यावर ‘पुणे ला’ येते. आपण तर ‘पुण्याला’ म्हणतो. म्हणून नाव शेवटी नेतो: ‘या शहरात डिलिव्हरी नाही: पुणे’. वाक्य सरळ राहते आणि नावाला हात लागत नाही.

चूक दाखवणाऱ्या संदेशांत ‘अवैध इनपुट’ आम्ही ठेवत नाही. ‘मोबाइल नंबर 10 अंकी हवा’ म्हटले की काय दुरुस्त करायचे ते लगेच समजते. यासाठी त्या रकान्याचा नियम काय आहे, हे तुमच्या प्रोग्रामरने आम्हाला सांगायला हवे. अंदाजाने लिहिलेला संदेश वापरणाऱ्याला भलतीकडे नेतो.

भाषांतर बसवल्यावर एका बटणावर ‘पूर्ण करा’ लिहून साध्या, छोट्या पडद्याच्या फोनवर पाहा. ‘पूर्ण’मध्ये खाली ऊकार आहे आणि वर रफार. दोन्हींपैकी काहीही कापले जात असेल, तर बटणाची उंची वाढवून घ्या. त्यासाठी शब्द बदलू नका.