मशीन बंद पडली हे सांगणार कोण?

कॅमेरेवाले, इंटरनेटवर चालणारे डबे विकणारे, सगळेच एक गोष्ट छातीठोकपणे सांगतात, की डबा बंद पडला की लगेच मोबाईलवर मेसेज येतो. आणि लोकं समजतात की बंद पडणारा डबाच जाता जाता मेसेज टाकून जातो. आता विचार करा राजेहो, लाईन गेली, राऊटर बंद, डबाही बंद, मग मेसेज पाठवला कोणी? फायबरच्या बऱ्याच मोडेममध्ये एक सोय असते खरी, वीज गेल्यावर आत साठलेल्या थोड्याशा चार्जवर तो शेवटचा एक सिग्नल सोडून मग विझतो, पण तो सिग्नल कंपनीच्या यंत्राकडे जातो, तुमच्या मोबाईलवर नाही. बंद पडलेली मशीन बोलत नसते. म्हणून दुसरं कोणीतरी बाहेर जागं पाहिजे, ज्याला तिची शांतता कळेल. सगळा खेळ या शांततेचा आहे आणि मला त्यातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

वरुडकडे माझ्या मावसभावाची संत्र्याची बाग आहे, तो नोकरीला अमरावतीले. बागेतल्या खोलीत एक रास्पबेरी पाय ठेवलेला, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, तो दर ५ मिनिटांनी मातीतला ओलावा अन् तापमान फाईलमध्ये लिहितो. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत बाग ताणावर सोडतात तेव्हा हा ओलावा रोज पाहावा लागतो, ताण कमी पडला तर फूट नीट येत नाही आणि जास्त झाला तर झाड खचते. त्या दिवसांत मशीन चार दिवस गुपचूप बंद राहिली तर तेवढी नोंद गेलीच, ती मागून भरून काढता येत नाही.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो म्हणजे बाहेरून अधूनमधून पिंग करून पाहायचं, उत्तर आलं तर जिवंत. शहरातल्या सर्व्हरले हे चालते. पण बागेत इंटरनेट मोबाईलच्या सिमवर, आणि सिमवर मिळणारा आयपी पत्ता बहुतेक वेळा तुमचा एकट्याचा नसतोच. कंपनी एकाच बाहेरच्या पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाईकं बसवते अन् आत प्रत्येकाला एक खाजगी पत्ता देते. राऊटरच्या पानावर तुमचा पत्ता 100.64 ते 100.127 यांच्यामधल्या आकड्याने सुरू होत असेल तर समजा की तुम्ही त्या भिंतीमागे आहात. बाहेरून मारलेली हाक तुमच्यापर्यंत पोचतच नाही. आतून बाहेर मात्र सगळं जाते.

मग हाक आतूनच मारायची. आपल्याकडे जागलीवर गेलेली माणसं रात्री थोड्या थोड्या वेळाने एकमेकांना हाळी देतात ना, आणि शेजारच्या वावरातून बराच वेळ आवाज आला नाही की बाकीचे कंदील घेऊन निघतात, अगदी तसंच. मशीन दर ५ मिनिटांनी बाहेरच्या एका पत्त्यावर 'मी आहे' एवढंच कळवते. बाहेरचा पहारेकरी गप्प बसून असतो, ठरलेल्या वेळात हाक आली नाही की मग तो बोलतो. याला हार्टबीट मॉनिटरिंग म्हणतात.

हे काम फुकटात करणाऱ्या सेवा आहेत, मी Healthchecks.io वापरतो. खातं उघडलं की एक खास पत्ता मिळतो, तो कोणाला दाखवायचा नाही, कारण ज्याच्या हाती तो पत्ता लागला तो मेलेल्या मशीनच्या नावाने हाका मारू शकतो. मशीनवर `crontab -e`, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं करणाऱ्या क्रॉनची यादी, उघडून ही एक ओळ टाकायची, YOUR-UUID च्या जागी तुमचा कोड:

```
*/5 * * * * curl -fsS -m 10 --retry 3 -o /dev/null https://hc-ping.com/YOUR-UUID
```

दर ५ मिनिटांनी हाक, १० सेकंदात उत्तर नाही आलं तर सोडून द्या, अन् जमलं नाही तर अजून ३ वेळा प्रयत्न करा, एवढाच तिचा अर्थ. त्या बाजूला टेलिग्राम नाहीतर ईमेल जोडला की झालं. बसवायला पंधरा मिनिटं लागत नाहीत, खरा प्रश्न पुढे आहे आणि तो म्हणजे पहारेकऱ्याने किती वेळ वाट पाहायची.

तिथे दोन आकडे भरावे लागतात. पीरियड म्हणजे हाका किती वेळाने येणार, आपल्याकडे ५ मिनिटं. ग्रेस म्हणजे त्यावर अजून किती वेळ सवलत द्यायची. शेवटच्या हाकेपासून या दोघांच्या बेरजेएवढा वेळ गेला की अलर्ट सुटतो.

आता धरून चाला की गावाकडच्या नेटवर्कवर, फेरप्रयत्न करूनही, दर १० हाकांमधली १ हरवते. दिवसाला २८८ हाका होतात. एक चुकली की लगेच बोंब मारायची असं ठेवलं तर रोज २५-२६ अलर्ट येतील, सगळे खोटे, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तो टेलिग्राम ग्रुप म्यूट करून मोकळे व्हाल. लागोपाठ दोन चुकल्यावर बोलायचं ठरवलं तर रोज अडीच-एक. तीन चुकल्यावर ठेवलं की चार दिवसांत एखादा. चार चुकल्यावर ठेवलं की चाळीस दिवसांत एखादा. बघा ना, वाट फक्त ५ मिनिटांनी वाढते अन् खोटे अलर्ट एकदम दहापटीने उतरतात, कारण प्रत्येक वेळी एक दशांशाने गुणल्या जाते.

यात एक बारीक गोष्ट आहे. तीन हाका चुकल्यावर अलर्ट पाहिजे म्हणून लोकं ग्रेस १० मिनिटं ठेवतात, ५ अधिक १०, पंधरा. पण तिसरी हाकसुद्धा बरोबर पंधराव्या मिनिटालाच येणार असते, ती दोन सेकंद उशिरा आली तरी अलर्ट सुटून जातो आणि दोन सेकंदांनी 'मशीन परत आली' असाही मेसेज येतो. म्हणून ग्रेस १२ ठेवा. म्हणजे शेवटची हाक ९.२५ ला आली असेल तर अलर्ट ९.४२ ला सुटेल आणि तोवर तीन हाका नक्की चुकलेल्या असतील.

वरचा हिशोब मात्र एका गोष्टीवर उभा आहे, की प्रत्येक हाक स्वतंत्रपणे हरवते. खरं तसं होत नाही. संध्याकाळी सगळं गाव मोबाईल घेऊन बसते तेव्हा हाका गठ्ठ्याने हरवतात, लाईन जाऊन टॉवरची बॅटरी उतरली की तर सगळ्याच. म्हणून खोटे अलर्ट हिशोबापेक्षा थोडे जास्तच येतात आणि ग्रेस आणखी वाढवावी वाटते. पण जितकी वाढवाल तितकी खरी बातमी उशिरा येणार.

ही अडचण आपल्या नेटवर्कची नाही, मुळातली आहे. ज्या नेटवर्कमध्ये निरोपाला किती उशीर होईल याची हमी नाही तिथे 'मेला' आणि 'उशीर झाला' यातला फरक बाहेरून पक्का सांगताच येत नाही. तुषार चंद्रा आणि सॅम टौएग यांनी १९९६ च्या शोधनिबंधात अशा पहारेकऱ्याचे दोन गुण वेगळे करून मांडले. एक म्हणजे मेलेला कधी ना कधी त्याच्या नजरेत आलाच पाहिजे, दुसरा म्हणजे जिवंताला त्याने मेलेला म्हणू नये. अशा नेटवर्कवर दोन्ही पूर्णपणे एकदम मिळत नाहीत. पहिला पूर्ण मिळू शकतो, म्हणजे मेलेली मशीन सुटणार नाही, पण त्यासाठी कधीमधी जिवंत मशीनवर खोटा संशय घेतल्या जाईल हे मान्य करावंच लागते. म्हणून जो विक्रेता 'क्षणात अलर्ट अन् एकही खोटा नाही' म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका, ते कुठल्याच डब्याला शक्य नाही.

मग ग्रेस किती? मी म्हणतो अलर्ट आल्यावर तुम्ही काय करणार त्यावरून ठरवा. रात्री ११ ला अलर्ट आला म्हणून कोणी अंधारात सापाकिरड्यातून बागेत जाणार नाही अन् जाऊही नये. ओलाव्याची नोंद एक तास चुकली तर काही बिघडत नाही, तिथे ग्रेस ६० मिनिटं ठेवली तरी चालते. पण विहिरीवरची केबल चोरीला जाते म्हणून कॅमेरा लावला असेल तर तिथे १२ च पाहिजे, खोटे अलर्ट सोसून.

दुसरी फसगत अशी की मशीन जिवंत आहे पण काम करत नाही. मेमरी कार्ड खराब झालं की लिनक्स बरेचदा ते फक्त वाचण्यापुरतं चालू ठेवते, लिहिणं बंद. सेन्सरची वायर उंदराने कुरतडली तरी क्रॉन आपला हाका मारतच राहतो, पहारेकऱ्याकडे सगळं हिरवंगार आणि फाईल मात्र मंगळवारपासून तिथेच अडकलेली. म्हणून हाक कामाला बांधा:

```
*/5 * * * * find /srv/baag -name '*.csv' -mmin -10 | grep -q . && curl -fsS -m 10 --retry 3 -o /dev/null https://hc-ping.com/YOUR-UUID
```

गेल्या १० मिनिटांत एखाद्या नोंदीच्या फाईलमध्ये काही लिहिलं गेलं असेल तरच हाक जाईल, नाहीतर मशीन गप्प. आता वीज गेली, नेट गेलं, कार्ड गेलं, सेन्सर गेला, सगळ्याचा एकच परिणाम, शांतता, आणि शांतता पकडणारा आपल्याकडे आहेच.

काय झालं होतं हे नंतर मशीनलाच विचारता येते. ९.४२ ला अलर्ट आला, ११.१० ला हाका परत सुरू झाल्या, तर आत जाऊन `uptime -s` टाका. त्याने ११.०७ दाखवलं तर बहुतेक वीज गेली होती. तीन आठवड्यांपूर्वीची तारीख दाखवली तर मशीन पूर्ण वेळ चालू होती, अन् फाईलमध्ये नोंदीही शाबूत असतील तर फक्त नेट गेलं होतं. आकडा पाहायच्या आधी दोन मिनिटं थांबा, कारण जुन्या रास्पबेरी पायमध्ये घड्याळाची बॅटरी नसते, इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत ते चुकीची वेळ सांगते.

या नोंदींचा अजून एक फायदा झाला. गड्याचं म्हणणं होतं की अमावस्येले मशीन बंद पडते, कोणीतरी खोलीला लिंबू-मिरचीही बांधून ठेवली. प्रत्येक खंडाची तारीख अन् वेळ पहारेकऱ्याकडे लिहिलेली असते, ती कॅलेंडरशेजारी ठेवली तर अमावस्येशी काही जुळत नाही, जुळते ते वारा-वादळाच्या संध्याकाळशी आणि लाईनीच्या वेळापत्रकाशी. लिंबू-मिरचीऐवजी राऊटर अन् मशीनला मिळून एक छोटा डीसी यूपीएस लावा, नेहमीचे खंड तिथेच थांबतात. टॉवरच बंद झाला तर मात्र त्याचाही इलाज नाही.

तोच पहारेकरी आपल्याच मशीनवर बसवायचा मोह होतो, अपटाइम कुमासारखं सॉफ्टवेअर छान आहे, पण ते बागेतल्याच मशीनवर टाकलं तर दोघं एकदमच झोपतील. ते दुसऱ्या गावात, दुसऱ्या कंपनीच्या नेटवर पाहिजे. आणि जमलं तर गावातल्या घरी पडलेला एखादा जुना लॅपटॉप वेगळ्या कोडने हाका मारायला लावा. घर आणि बाग दोन्ही एकदम गप्प झाले तर लाईन नाहीतर टॉवर, घरी बसा. एकटी बाग गप्प झाली तर सकाळी चक्कर मारायची.

सगळं झाल्यावर खरी चाचणी घ्या, पानावरचं टेस्टचं बटण फक्त मेसेज पोचतो एवढंच सांगते. ग्रेस १२ असेल तर आधी नेटची वायर काढून १७ मिनिटं थांबा. मग ती लावून सेन्सरची वायर काढा, यावेळी जास्त थांबावं लागेल, कारण फाईल १० मिनिटं जुनी होईपर्यंत हाका जातच राहतात, पंचवीस-तीस मिनिटं धरा. आणि शेवटी मशीन नीट शटडाऊन करून प्लग काढा. तिन्ही वेळा मोबाईल वाजला पाहिजे, आणि रात्री सायलेंटवर असतानाही वाजायला हवा असेल तर त्या एका चॅटला मोबाईलच्या सेटिंगमध्ये वेगळी सूट द्यावी लागते, तेही त्याच दिवशी करून टाका.